रिसेल तिकिटाचा भाव: छापील किंमत, बुकिंग फी आणि ‘मला एवढ्याला पडलं’चा हिशेब

प्रश्न: नवी मुंबईतल्या एका कॉन्सर्टची दोन तिकिटं एकजण प्रत्येकी ८,५०० ला देतोय. तिकिटावर ६,००० छापलंय. तो म्हणतो, “जीएसटी, बुकिंग फी, डिलिव्हरी सगळं धरून मला ७,९०० ला पडलं, वरचे ६०० माझे.” हे खरं आहे का? कसं तपासायचं?

उत्तर:

८,५०० महाग की रास्त, हे तूर्त बाजूला ठेवा. आधी ७,९०० हा आकडा फोडायला हवा, कारण तुमची सगळी घासाघीस त्याच्यावर उभी आहे. तो खरा असेल तर माणूस ६०० रुपये मागतोय आणि एवढं कुणीही मागेल. तो फुगवलेला असेल तर ६०० रुपये ही नुसती सांगायची गोष्ट आहे, खरा नफा ७,९०० च्या आतच दडलेला आहे. मी तिकीटविक्रीच्या बाजूला काम करतो, आधी नाट्यगृहाची बुकिंग खिडकी सांभाळली आणि आता मैदानावरचे मोठे कार्यक्रम बघतो. माझा अनुभव असा की ‘मला पडलं’ या आकड्यात गडबड असली तर ती जवळजवळ नेहमी तीन जागी असते: कर, फीची वाटणी आणि सवलत.

करापासून सुरू करू, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी रक्कम तिथेच अडकलेली दिसते. कॉन्सर्टचं तिकीट माणशी ५०० रुपयांच्या वर असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे बरोबर आहे. मुद्दा एवढाच की तो ६,००० च्या आत आहे की बाहेर. आपल्याकडे बहुतेक कार्यक्रमांत छापील किंमत करासकट असते. तिकिटावर किंवा बिलावर बारीक अक्षरात त्याची फोड दिलेली असते. ६,००० चं तिकीट करासकट असेल तर तिथे मूळ रक्कम ५,०८४.७५, सीजीएसटी ४५७.६३ आणि एसजीएसटी ४५७.६३ असं काहीतरी दिसेल. बेरीज, पैशाचं राउंडिंग सोडलं तर, ६,०००. जीएसटीचा आकडा छापलेला दिसतो म्हणून लोक तो वर पुन्हा मिळवतात. काही जण न कळून करतात, काही जण चांगलं कळून.

तुमच्या विक्रेत्याने काय केलं असेल ते मी अंदाजाने मांडून बघितलं. ६,००० वर १८ टक्के म्हणजे १,०८०. झाले ७,०८०. त्याच्या ७,९०० पर्यंत पोचायला आणखी ८२० लागतात आणि ते फी-डिलिव्हरीच्या नावावर सहज बसतात. म्हणून त्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ६,००० करासकट आहेत की कर वेगळा लागला?

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळेच आयोजक करासकट किंमत लावत नाहीत. काही जण जाहिरातीत आणि बुकिंगच्या पानावर मूळ किंमत दाखवतात, खाली ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ किंवा ‘प्लस जीएसटी’ लिहितात आणि कर पैसे भरण्याच्या टप्प्यावर चढवतात. तसं असेल तर त्याचे १,०८० खरे आहेत आणि तुम्ही त्याच्यावर उगाच संशय घेताय. नुसत्या ६,००० च्या आकड्यावरून हे कळत नाही. तिकिटावरची फोड बघावी लागते, नाहीतर कार्यक्रमाच्या पानावरची ती बारीक ओळ. फोड बघताना एकच कसोटी लावा: मूळ रक्कम आणि दोन्ही कर मिळून ६,००० होतात की ७,०८०?

आता फी. सुविधा शुल्क, म्हणजे ज्याला आपण सर्रास बुकिंग फी म्हणतो, ते तिकिटाच्या किमतीपेक्षा वेगळं असतं. ते बुकिंग करणारी कंपनी घेते आणि त्या शुल्कावर वेगळा १८ टक्के जीएसटी लागतो. विकत घेणाऱ्याला ते टाळता येत नाही, म्हणून विक्रेत्याने ते तुमच्याकडून मागणं मला रास्त वाटतं. अशा चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं की महाराष्ट्रात ही फी बेकायदा आहे, ती देऊ नका. हे जुन्या माहितीवर चाललेलं आहे. चित्रपटगृहांनी ऑनलाइन तिकिटावर अशी फी घेऊ नये असे राज्य सरकारचे आदेश २०१३ आणि २०१४ मध्ये निघाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते जुलै २०२५ मध्ये रद्द केले. तेव्हा फी हा खरा खर्च आहे. प्रश्न फक्त किती आणि कितीजणांत, एवढाच.

‘कितीजणांत’वरच गाडी अडते. ऑर्डरच्या पानावर फी बहुतेक वेळा अख्ख्या ऑर्डरची एकत्र दिसते. मोठ्या कार्यक्रमात एका व्यवहारात अनेकदा चार तिकिटांपर्यंत मर्यादा असते आणि लोक चारच्या चार घेऊन टाकतात. मग दोन स्वतःला ठेवतात आणि दोन विकतात. विकताना मात्र चार तिकिटांची फी दोनच तिकिटांवर बसवतात. समजा तुमच्या माणसाच्या ऑर्डरमध्ये तिकिटामागे ३०० रुपये फी होती. चार तिकिटांचे १,२००, त्यावर १८ टक्के म्हणजे २१६, एकूण १,४१६. चारने भागले तर तिकिटामागे ३५४, दोनने भागले तर ७०८. प्रवेशासाठीचा मनगटी पट्टा घरपोच मागवला असेल तर कुरिअरचे कर धरून २३६ समजू. हे तर ऑर्डरला एकदाच लागतात, तिकिटाला नाही. चारने भागले तर ५९, दोनने भागले तर ११८.

आता त्याच्या बाजूने बेरीज करा. ६,००० अधिक १,०८० अधिक ७०८ अधिक ११८, झाले ७,९०६. त्याचा ७,९०० चा आकडा इथून आला असावा असा माझा तर्क आहे. तर्कच, कारण त्याचं बिल मी पाहिलेलं नाही. पण अशा आकड्यांच्या मागची रचना मी इतक्या वेळा पाहिली आहे की पैज लावायची झाली तर याच्यावरच लावीन.

किंमत करासकट असेल आणि ऑर्डर चार तिकिटांची असेल तर त्याला खरं पडलं ते ६,००० अधिक ३५४ अधिक ५९, म्हणजे ६,४१३. मग ८,५०० म्हणजे वर ६०० नाही, २,०८७ होतात. जवळजवळ ३३ टक्के. आणि कर खरोखरच बाहेरून लागला असेल तर त्याचा भाव ७,४९३ होतो आणि ८,५०० म्हणजे साधारण हजार रुपये वर. म्हणजे एकाच छापील किमतीवर, एकाच मागणीवर, दोन पूर्ण वेगळी उत्तरं निघतात. म्हणून ‘छापील किमतीच्या दीडपटीपर्यंत चालतं’ असल्या ठोकताळ्यांना मी विचारत नाही.

सवलतीबद्दल थोडं. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं पहिल्यांदा अनेकदा एखाद्या बँकेच्या कार्डधारकांना खुली होतात, सोबत काही टक्के सूटही असते. या ऑर्डरवर समजा १,५०० रुपयांची सूट मिळाली. २४,००० ची तिकिटं, १,४१६ फी, २३६ कुरिअर मिळून २५,६५२. त्यातून १,५०० गेले, भरले २४,१५२. तिकिटामागे ६,०३८. सूट त्याच्या कार्डाची, मग ती तुम्हाला का द्यावी, असं तो म्हणेल. माझं मत सांगतो. त्याने ‘तिकिटाची किंमत अधिक फी’ एवढं मागितलं तर सूट त्याची, मी तिला हात लावत नाही. पण ‘मला एवढ्याला पडलं’ हे शब्द त्याने वापरले असतील तर त्यात सूटही धरली पाहिजे. पडलेला भाव म्हणजे खात्यातून प्रत्यक्ष गेलेले पैसे, त्यात वाढवणाऱ्या गोष्टी घ्यायच्या आणि कमी करणारी सोडायची असं चालत नाही.

उलट काही रकमा अशा असतात ज्या त्याने खरंच भरल्या पण तुम्ही देणं लागत नाही. तिकीट रद्द करता यावं म्हणून घेतलेलं वैकल्पिक संरक्षण, पार्किंगचा पास (तो तुम्हाला मिळत नसेल तर), खाण्याचं कूपन, देणगीचे रुपया-दोन रुपये. मी वापरतो ती रेघ सोपी आहे: ही रक्कम न भरता तिकीट मिळालं असतं का? मिळालं असतं तर ती त्याची हौस. ब्रिटनमध्ये सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी आणायची घोषणा केली, तिथेही मूळ किंमत धरताना तिकिटाचा दर अधिक टाळता न येणारी फी हाच पाया घेतला आहे. ती बंदी लागू झाली की तिकडे राहणाऱ्या मंडळींना हा हिशेब रोजचाच होईल.

आता कागद कोणता मागायचा. तिकिटाचा स्क्रीनशॉट मागू नका. एकतर त्यावर फीची फोड नसते, आणि त्यावरचा क्यूआर कोड त्याने पाठवला तर तो तुमच्या आधी आणखी पाचजणांकडे गेलेला असू शकतो. तुम्हाला हवी आहे ती ऑर्डरची समरी, म्हणजे ॲपमध्ये ‘युवर ऑर्डर्स’मध्ये गेल्यावर तिकिटांची संख्या, वर्ग, तिकिटांची रक्कम, सुविधा शुल्क आणि एकूण भरलेली रक्कम दाखवणारं पान. सुविधा शुल्काच्या ओळीवर टिचकी मारली की बऱ्याच ॲपमध्ये ती उघडते आणि मूळ शुल्क व त्यावरचा जीएसटी वेगवेगळा दिसतो. ते उघडलेल्या स्थितीत स्क्रीन पाठवायला सांगा. नाव, नंबर, क्यूआर आणि बुकिंग आयडी झाकून पाठवला तरी चालेल, नव्हे, झाकूनच पाठवावा.

तो आला की तीन आकडे जुळवा. मूळ शुल्काचे १८ टक्के बरोबर तेवढेच आहेत का? १,२०० असतील तर २१६ हवेत, २०० किंवा २५० नकोत. शुल्काला तिकिटांच्या संख्येने भागल्यावर एक सरळ रक्कम निघते का? आणि सगळ्याची बेरीज शेवटच्या ‘एकूण’शी पैशापर्यंत जमते का? आकडा बदलून बनवलेल्या चित्रात साधारणपणे एकच आकडा बदललेला असतो, बाकीचे तसेच राहतात, आणि मग गणित फसतं. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि एवढ्यावर बरीचशी बनवाबनवी उघडी पडते. सगळी नाही. ज्याने नीट बसून सगळे आकडे बदलले त्याला नुसत्या चित्रावरून पकडता येणार नाही, त्याच्यासाठी व्हिडिओ कॉलवर ॲप उघडायला लावणं बरं.

विक्रेत्यावर अजिबात विसंबायचं नसेल तरी एक वाट आहे. कार्यक्रमाच्या मूळ बुकिंग पानावर जा. तुमच्या वर्गाची तिकिटं संपलेली असली तरी वर्गाचं नाव आणि दर अनेकदा तिथे करड्या अक्षरात दिसतात. दुसरा कुठला तरी वर्ग चालू असेल तर त्यात एक तिकीट निवडा आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. भरायचं काही नाही. त्या पानावर कर आत आहे की बाहेर आणि फी किती हे आपोआप दिसतं. फी सगळ्या वर्गांना सारखी असेलच असं नाही. काही ठिकाणी ती तिकिटामागे ठरावीक असते, काही ठिकाणी दराच्या टक्क्यांत. म्हणून शक्यतो ६,००० च्या जवळच्या वर्गात जाऊन बघा. आणि एकदा एक तिकीट, एकदा दोन तिकिटं निवडून बघा. दुसऱ्या वेळी कुठली ओळ दुप्पट झाली आणि कुठली तशीच राहिली, यावरून तिकिटाला लागणारं काय आणि ऑर्डरला लागणारं काय ते स्पष्ट होतं.

या पानावर दिसणारा दर आणि विक्रेत्याच्या तिकिटावरचा दर जुळला नाही तर लगेच चोर म्हणू नका. एकाच वर्गाचे दर टप्प्याटप्प्याने वाढवायची पद्धत आता रूढ आहे: अर्ली बर्ड, पहिला टप्पा, दुसरा टप्पा. आज पानावर ६,००० दिसतात म्हणून त्याने ६,००० भरले असं होत नाही. त्याने पहिल्या टप्प्यात ४,५०० ला घेतलेलं असू शकतं. तुमच्या तिकिटावर ६,००० छापलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला नाही. पण ज्यांना विक्रेते तिकीट न दाखवता फक्त बुकिंग पानाचा दर दाखवतात, त्यांनी हे जरूर तपासावं. पहिल्या टप्प्यात घेणारा आणि दुसऱ्या टप्प्यात घेणारा दोघंही एकाच जागी उभे राहणार, त्यामुळे टप्प्याचा फरक ‘जागा चांगली आहे’ म्हणून खपवता येत नाही.

आणि एक प्रकार आहे ज्यात छापील किंमत हा शब्दच लागू होत नाही: मानार्थ प्रवेशिका. प्रायोजकांना, कलाकारांच्या मंडळींना, जाहिरात देणाऱ्यांना पास जातात. त्यांच्यावर दर शून्य असतो किंवा ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं. हे पास बाहेर विकले जातात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. विक्रेता ऑर्डरची समरी दाखवायला टाळाटाळ करतो आणि ‘भावाकडून मिळालंय’ वगैरे सांगतो, तेव्हा मला पहिली शंका हीच येते. असा पास आयोजकाच्या लक्षात आला तर रद्द होऊ शकतो, तेव्हा त्याला तिकिटाचा भाव देण्यात अर्थ नाही.

तुमचा विक्रेता ओळखीतला असो की अनोळखी, समोर एक माणूस आहे, ते बरं. परदेशी रिसेल संकेतस्थळावरून घेणाऱ्यांचं गणित आणखी अवघड होतं. तिथे यादीत दिसणारा आकडा विक्रेत्याने मागितलेला असतो, त्यावर संकेतस्थळ स्वतःची फी खरेदीदाराकडून घेतं आणि ती अनेकदा शेवटच्या पानावर कळते. ‘मूळ किंमत’ असा रकाना असला तरी तो विक्रेत्यानेच भरलेला असतो. बिल परकीय चलनात आलं तर तुमचं कार्ड चलनबदलाचा आकार लावतं, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. म्हणजे तिथे फी दोनदा आहे: एकदा पहिल्या खरेदीची, एकदा तुमच्या खरेदीची. पहिली तिकिटाच्या किमतीत धरा, दुसरी धरू नका. ती तुम्हाला तिकिटाबद्दल नाही, त्या दुकानात शिरल्याबद्दल लागते.

कोल्डप्लेच्या वेळचं आठवून बघा. डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या जानेवारी २०२५ च्या कार्यक्रमांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला खुली झाली. दर २,५०० पासून ३५,००० पर्यंत. त्याच सुमारास रिसेल संकेतस्थळांवर लाखांतले आकडे झळकले आणि बुकमायशोला जाहीर करावं लागलं की या संकेतस्थळांशी आमचा काही संबंध नाही. लोकांच्या लक्षात ते लाखांचे आकडेच राहिले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबरमध्ये त्याच कार्यक्रमांची आणखी काही तिकिटं साधारण २,००० रुपयांना अधिकृतपणे खुली झाली. फार नव्हती, जोडीनेच घ्यावी लागत होती आणि जागा कुठली ते आधी कळत नव्हतं. पण सप्टेंबरमध्ये घाबरून कित्येक पट देणाऱ्यांनी ही वाट पाहिली नव्हती. याशिवाय मोठ्या कार्यक्रमात रंगमंच, कॅमेरे, ध्वनियंत्रणा यांच्यासाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. रचना पक्की झाली की त्यातल्या काही सुटतात. कधी सुटतील, किती सुटतील हे बाहेरून सांगता येत नाही, आणि सुटतीलच याची खात्रीही नाही. पण तुमच्या हातात दोन-तीन आठवडे असतील तर मूळ पानावर अधूनमधून नजर टाकायला काही खर्च नाही.

सिनेमाचं फारसं लिहीत नाही, तिथे हा खेळ लहान असतो. १०० रुपयांपेक्षा जास्त तिकिटावर १८ टक्के जीएसटी, १०० पर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आणि दाखवलेला दर बहुधा करासकट असतो. एकाच पडद्याचे दर वार, खेळ आणि खुर्चीनुसार बदलतात, म्हणून तुलना त्याच खेळाशी आणि त्याच रांगेशी करा, ‘मंगळवारी २०० होतं’ याला अर्थ नाही. अनेक चित्रपटगृहांत खेळाच्या काही वेळ आधीपर्यंत तिकीट रद्द करता येतं, पण सुविधा शुल्क परत मिळत नाही आणि तिकिटाचेही सगळे पैसे येतीलच असं नाही. ही मुदत टळून गेलेली असेल तर विक्रेत्याच्या हाती तुमच्याशिवाय कुणी नाही. अशा वेळी फीसकट पूर्ण किंमत देणंही मला जास्तच वाटतं.

नाटकाच्या तिकिटावर मात्र एक खूण लक्षात ठेवा. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. त्यामुळे ४०० च्या तिकिटावर कुणी ‘जीएसटी पकडून ४७२’ म्हणाला तर तो कर त्याने स्वतःच लावलाय. ऑनलाइन काढलं असेल तर सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा कर एवढंच वर जाईल. नाट्यगृहाच्या खिडकीवर, प्लॅन बघून काढलेलं असेल तर तेही नाही. क्रिकेटवाल्यांनी उलट खबरदारी घ्यावी. आयपीएलच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे, म्हणून तिथे मूळ रक्कम आणि छापील रक्कम यांच्यात मोठं अंतर दिसतं आणि कर दुसऱ्यांदा मिळवला तर भाव भलताच चढतो.

तुमच्याकडे परत येतो. हा सगळा हिशेब भावाचा झाला. तिकीट खरं आहे का, दुसऱ्याच्या नावावर चालतं का, दारात ओळखपत्र मागतात का, मनगटी पट्टा कुणाच्या हातात आहे, हे वेगळं तपासावं लागतं आणि त्यातलं एकही उत्तर भावातून मिळत नाही. बहुतेक आयोजकांच्या अटींत पुनर्विक्रीला मनाई असते, तशा तिकिटावर प्रवेश नाकारायचा हक्कही त्यांनी राखून ठेवलेला असतो. ती अट आधी वाचा. नावावरचं तिकीट असेल तर ६,४१३ लाही घेऊ नका.

ती अडचण नसेल तर त्याला असा निरोप पाठवा: “तिकीट घ्यायची तयारी आहे. ऑर्डरची समरी पाठवा, नाव-क्यूआर झाकून, फीची ओळ उघडून. एका ऑर्डरमध्ये किती तिकिटं होती आणि ६,००० करासकट आहेत का, तेवढं सांगा. तिकिटाला जेवढं पडलं तेवढं आणि वर तुमचे ६०० द्यायला तयार आहे.” हे मुद्दाम असं लिहिलंय. ६०० ची मागणी त्याचीच आहे, ती तुम्ही मान्य करताय, फक्त पाया कागदावर आणताय. त्याचा हिशेब खरा असेल तर त्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. किंमत करासकट निघाली तर आकडा ६,४१३ अधिक ६००, म्हणजे ७,०१३ वर येतो, दोन तिकिटांमागे तुमचे जवळजवळ ३,००० वाचतात. कर बाहेरचा निघाला तर ८,०९३, तिथे मी फार ताणणार नाही.

समरी पाठवायला तो तयार नसेल आणि ‘घ्यायचं तर घ्या, गिऱ्हाईक रांगेत आहे’ म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे. मग तो ८,५०० चा भाव मागतोय, पडलेल्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो भाव तुम्हाला पटत असेल तर द्या, पटत नसेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा चौकशी करा. विकली न गेलेली तिकिटं हातात असलेले लोक तेव्हा बरेच खाली येतात, पण खूप गाजलेल्या कार्यक्रमात ते येतीलच असं नाही, आणि बाहेरगावाहून प्रवास करून जाणार असाल तर ती जोखीम मी तरी घेणार नाही.